रंग फसवतो तेव्हा: फोटोतला पांढरा साप, काळा पक्षी आणि पिवळट लांडगा कसा ओळखावा

मराठवाड्यात मृगाचा पाऊस पडला की मोबाइलवर फोटो यायला लागतात. शेतातल्या आखाड्यावर निघालेला पांढरट साप, धरणाच्या भिंतीवरून गेलेला काळाकुट्ट शिकारी पक्षी, मेंढरांच्या मागे फिरणारा लांडग्यासारखा पण पिवळट प्राणी. खाली एकच प्रश्न असतो, "हे काय आहे?" आणि पाच मिनिटांत दहा उत्तरे येतात. त्यातली बहुतेक रंगावरून दिलेली असतात. नेहमीच्या प्राण्याच्या बाबतीत ती बरोबरही निघतात, कारण पुस्तकातली चित्रे रंगीत आणि आपली आठवणही रंगाचीच. रंग नेहमीचा नसला की मात्र हीच सवय आपल्याला चुकीच्या नावाकडे घेऊन जाते.

हा लेख नव्याने ओळख शिकणाऱ्यांसाठी आहे. तीन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या करून घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

अल्बिनो प्राण्यात मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य तयारच होत नाही. काळ्या रूपाच्या प्राण्यात तेच रंगद्रव्य नेहमीपेक्षा जास्त असते. या दोन्हींत बदलतो तो फक्त रंग. कवटी, खवल्यांची मांडणी, पंखांची लांबी, शेपटीचा आकार हे सगळे त्या जातीचे जसे असते तसेच राहते. संकराचे तसे नसते. दोन वेगळ्या प्राण्यांच्या मीलनातून झालेल्या पिलाची अंगकाठीच दोघांची मिसळलेली असते. म्हणून अल्बिनो आणि काळ्या रूपाचा प्राणी चांगल्या फोटोवरून बहुतेक वेळा नक्की ओळखता येतो. संकर मात्र फोटोवरून सिद्ध होत नाही, त्याची फक्त शंका घेता येते. ही मर्यादा मनाशी पक्की असू द्या, कारण बहुतेक वाद ती विसरल्यामुळे होतात.

पहिली पायरी: प्राणी वेगळा आहे की फोटो?

विचित्र रंगाचा फोटो आला की आधी प्राण्याकडे पाहू नका, त्याच्या आजूबाजूला पाहा. भर उन्हात काढलेल्या फोटोत साप पांढरा दिसतो, पण शेजारचा दगड, माती आणि वाळलेले गवतही पांढरेच पडलेले असते. तो प्रकाशाचा खेळ आहे. बाजूची माती आपल्या ओळखीच्या रंगाची दिसत असेल आणि तरीही साप पांढरा असेल, तर पुढे जायला हरकत नाही.

उलट बाजूही आहे. उडणारा पक्षी उजळ आभाळासमोर टिपला की कॅमेरा आभाळाचा उजेड धरतो आणि पक्षी काळा पडतो. असा फोटो मोबाइलमधल्याच एडिटिंगमध्ये उघडा आणि सावलीचा भाग उजळवा. पोटाखालचा तपकिरी किंवा पांढरा रंग वर आला, तर काळ्या रूपाचा प्रश्नच मिटला.

आपल्याकडची काळी मातीही कमी फसवत नाही. पावसात चिखलात लोळून आलेला कोल्हा पोटापर्यंत काळा दिसतो. खरजेने केस गळालेला लांडगा किंवा कुत्रा राखाडी-काळा दिसतो, कारण उघडी पडलेली कातडी गडद असते. केस ठिकठिकाणी गेले आहेत का, कातडी जाड होऊन सुरकुतली आहे का, हे मोठे करून पाहा. कात टाकायला आलेल्या सापाचे अंग निस्तेज आणि डोळे दुधाळ निळे होतात. "पांढऱ्या डोळ्यांचा साप" म्हणून येणारे फोटो बहुधा याच अवस्थेतले असतात.

शेवटी एक साधी मागणी. पाठवणाऱ्याला मूळ फोटो मागा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यात खवल्यांच्या रेषा पुसल्या जातात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. एकच "चांगला" फोटो न मागता काढलेले सगळे मागा. पाठवणाऱ्याला हललेला वाटलेला फोटो पुष्कळदा डोक्याची बाजू दाखवतो.

दुसरी पायरी: डोळा

पांढऱ्या प्राण्यात डोळ्याचा रंग पाहायचा. खऱ्या अल्बिनोत डोळ्यातही मेलॅनिन नसते, त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या दिसून डोळा गुलाबी किंवा लाल वाटतो. अंग पांढरे, पण डोळा त्या जातीचा नेहमीचा, गडद असेल, तर तो अल्बिनो नव्हे. त्या प्रकाराला ल्युसिझम म्हणतात. ठिपक्याठिपक्यांनी पांढरी झालेली साळुंकी किंवा कावळा बहुतेक या प्रकारातला असतो.

यात एक अट आहे. फोटो फ्लॅशने काढलेला नसावा. रात्री फ्लॅशच्या किंवा बॅटरीच्या झोतात साध्या प्राण्याचे डोळेही लाल चमकतात. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोतला गुलाबी डोळा हाच पुरावा धरायचा.

अल्बिनो म्हणजे पांढरा, हा समजही सोडून द्या. सापांच्या कातडीत मेलॅनिनशिवाय पिवळी आणि लाल रंगद्रव्ये असतात आणि ती अल्बिनो सापातही टिकून राहतात. म्हणून अल्बिनो नाग पुष्कळदा दुधासारखा नसून पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेला असतो. पोपटाचे उदाहरण याहून बोलके आहे. पोपटाच्या पिसात हिरवे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या रचनेतून दिसणारा निळा आणि रंगद्रव्याचा पिवळा मिळून आपल्याला हिरवा दिसतो, आणि तो निळा उठून दिसायला मागे मेलॅनिन लागते. मेलॅनिन गेले की उरतो पिवळा. थव्यात लाल चोचीचा पिवळाधमक पक्षी दिसला, तर परदेशी पक्षी पिंजऱ्यातून सुटला असे लगेच म्हणू नका. चोचीचा आकार, लांब निमुळती शेपटी आणि बरोबरचा थवा पाहा. तो आपलाच पोपट असू शकतो.

तिसरी पायरी: रंग वजा करून जे उरते ते वाचणे

आता एक प्रकरण पूर्ण सोडवू. समजा, कळंब तालुक्यातल्या एका आखाड्यावरून फोटो आला आहे. कडब्याच्या गंजीशेजारी विटांच्या ढिगावर पिवळसर पांढरा साप पसरला आहे. फणा काढलेला नाही. एक जण म्हणतो पांढरी धामण, दुसरा म्हणतो कवड्या, गावातले म्हणतात धनावरचा नाग.

सुरुवात आकारापासून करा. आपल्याकडची भाजलेली वीट साधारण नऊ इंच लांब असते. साप सहा विटांच्या लांबीइतका दिसतो, म्हणजे साडेचार फुटांच्या घरात. कवड्या लहान साप आहे, एवढा मोठा होत नाही. एक नाव इथेच गळाले.

मग नक्षी. अल्बिनो सापात नक्षी पूर्ण जात नाही, बऱ्याच धुलाईनंतर लुगड्यावरची छपाई पुसट उरावी तशी ती मागे राहते. फोटोचा काँट्रास्ट वाढवून मानेच्या मागचा भाग पाहा. तिथे दहाच्या आकड्याचा किंवा चष्म्याचा पुसट माग दिसला तर ते नागाच्या बाजूने जाते. पण तो दिसला नाही म्हणून नाग नाही असे ठरत नाही, कारण महाराष्ट्रात फण्यावर खूण नसलेले नागही असतात. हाच नियम धामणीलाही लावायचा. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात आणि नवशिक्याला शिकवताना तीच खूण सांगितली जाते. या रेषा मेलॅनिनच्या आहेत. अल्बिनो धामणीत त्या नसणारच. म्हणून "ओठावर रेषा नाहीत, म्हणजे धामण नाही" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. रंगाने बनलेली कोणतीही खूण नसणे हा अल्बिनो सापात पुरावा होऊ शकत नाही. ही गोष्ट पक्की झाली की अर्धे काम झाले.

आता डोक्याची बाजू. फोटो शक्य तितका मोठा करा आणि नाकपुडीपासून डोळ्यापर्यंतचे खवले पाहा. नागात वरच्या ओठावरचा तिसरा खवला बाकीच्यांपेक्षा उंच असतो. त्याची एक कड नाकपुडीच्या खवल्याला टेकते आणि दुसरी थेट डोळ्याला. नाकपुडीचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्यामध्ये वेगळा लहान खवला नसतो. धामणीत ही जागा मोकळी नसते. तिथे लहान खवले असतात, साधारण तीन. शिवाय धामणीचा डोळा डोक्याच्या मानाने ठळकपणे मोठा असतो. नागाचे डोके रुंद, बोथट आणि डोळा मध्यम.

आपल्या फोटोत समजा असे दिसते: डोळा गुलाबी, उजेड दिवसाचा, नाक आणि डोळा यांच्यामध्ये जास्तीचा खवला नाही, तिसरा ओठ-खवला उंच आणि दोन्हीकडे टेकलेला. फण्यावरची खूण दिसत नाही. तरीही उत्तर ठाम आहे. हा अल्बिनो नाग आहे आणि इतर कोणत्याही नागाइतकाच विषारी आहे. रंग गेल्याने विष जात नाही. पांढरा म्हणून तो गरीब किंवा देवाचा, असे समजून हात लावायला जाणाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

आणि जर फोटोत डोके गवतात गेलेले असेल? तर उत्तर "फिकट रंगाचा साप, नाग असण्याची शक्यता, दूर राहा" एवढेच. खवले दिसावेत म्हणून कोणालाही जवळ पाठवू नका. दोन मीटरच्या आत येऊ नये आणि झूम वापरावा. डोके दिसलेच नाही तर ओळख अर्धी राहिली तरी चालेल.

मण्यार आणि कवड्या, पट्टे नसताना

रंगाच्या फसवणुकीत सर्वात धोक्याची जागा ही आहे. मण्यार म्हणजे काळ्या अंगावर पांढरे पट्टे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मण्यारचे पट्टे डोक्याकडच्या भागात फिके किंवा तुटक असू शकतात आणि पट्टे जवळजवळ न दिसणाऱ्या काळ्या मण्यारीही सापडतात. अशी मण्यार साधा काळा साप समजून हाताने उचलली जाते. कवड्या पट्ट्यांमुळे मण्यारसारखा दिसतो आणि बिचारा मारला जातो.

इथे पाठीचा कणा पाहायचा. मण्यारच्या पाठीवर अगदी मधोमध एक ओळ मोठ्या, षटकोनी खवल्यांची असते. बाजूच्या खवल्यांपेक्षा ते उघडपणे मोठे दिसतात. कवड्याच्या पाठीवर मधली ओळ अशी वेगळी नसते. साप काळा असो, पांढरा असो, ही ओळ जात नाही, आणि वरून काढलेल्या बऱ्यापैकी फोटोत ती दिसते. म्हणून साप पाहून दूरून फोटो काढणाऱ्याला मी नेहमी दोन कोन सांगतो: डोक्याची एक बाजू आणि पाठीचा मधला भाग वरून.

साप चावला असेल तर मात्र या सगळ्या ओळखीत वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे मिळणारे प्रतिविष एकच असते. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. माणसाला हालचाल कमी करायला लावून थेट दवाखान्यात न्यायचे. फोटो आधीच काढलेला असला तर दाखवा, नसला तर सापाच्या मागे जाऊ नका. मण्यारच्या चाव्याला सूज किंवा वेदना फारशी नसते, त्यामुळे "काही झालं नाही" म्हणून घरी थांबणे जिवावर बेतते.

सराव कशावर करावा

नवख्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की सापाची कात गोळा करून पाहायला शिका. गोठ्यात, गंजीखाली, विहिरीच्या कडेला ती सापडते. कातीत रंग जवळपास नसतोच. म्हणजे निसर्गाने तुमच्यासाठी प्रत्येक सापाचा बिनरंगी नमुना करून ठेवला आहे. डोक्याची बाजू, पाठीची ओळ, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी, सगळे तिच्यात हात न थरथरता मोजता येते.

कात फाटू नये म्हणून तिच्यावर थोडे पाणी शिंपडा आणि मऊ झाली की पांढऱ्या कागदावर पसरा. पाठीचा मध्य शोधा. षटकोनी मोठी ओळ दिसली तर मण्यारची शंका. मग शेपटीची खालची बाजू पाहा. मण्यारच्या शेपटीखालचे खवले एकसंध, आडव्या पट्टीसारखे असतात. कवड्या, धामण आणि नागात ते मधोमध दुभंगलेले, जोडीने असतात. ही खूण जिवंत सापाच्या फोटोत क्वचितच मिळते, कातीत मात्र ती अचूक मिळते. एक लक्षात ठेवा, कात निघताना ताणली जाते, त्यामुळे तिच्या लांबीवरून सापाची लांबी सांगायची नाही. पाच-सहा वेगवेगळ्या काती नीट पाहिल्या की फोटोत काय शोधायचे हे डोळ्यांना आपोआप कळायला लागते.

काळे रूप: आभाळातला पक्षी

काळ्या रूपाचे दोन प्रकार वेगळे ठेवा. एखाद्या जातीत एखादाच प्राणी काळा जन्मतो, ते दुर्मीळ. काही जातींत मात्र फिके आणि गडद अशी दोन रूपे नेहमीचीच असतात आणि दोन्ही रूपांचे पक्षी एकाच भागात दिसतात. बूटेड ईगल हा हिवाळ्यात आपल्याकडे येणारा लहान गरुड त्यातलाच. नाथसागराच्या काठावर किंवा बालाघाटच्या माळावर तो घारींमध्ये मिसळून जातो. फिक्या रूपाचा पोटाकडून पांढरा आणि पंखांच्या मागच्या कडेला काळा, तो पटकन कळतो. गडद रूपाचा पूर्ण तपकिरी, जवळपास घारीएवढाच, आणि बहुतेक फोटोंत त्याला घार म्हणून सोडून दिले जाते.

पहिली नजर शेपटीवर जाते, कारण घारीची शेपटी खाचदार. पण घार वळण घेताना शेपटी पसरते आणि खाच नाहीशी होते. एका फोटोवरून शेपटीचा निकाल देऊ नका. बूटेड ईगलच्या पंखांच्या मुळाशी, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान पांढरा ठिपका असतो. पक्षी समोरून येत असेल तर तो दोन दिव्यांसारखा चमकतो, आणि गडद रूपातही तो तसाच असतो. वरून किंवा तिरका दिसणारा फोटो असेल तर शेपटीच्या मुळाशी फिकट पट्टा आहे का पाहा. घारीत तो नसतो. खालून पाहताना फिकट भाग पंखात नेमका कुठे आहे तेही महत्त्वाचे. आपल्याकडच्या घारीत तो बाहेरच्या मोठ्या पिसांच्या बुडाशी असतो, तर बूटेड ईगलमध्ये त्याच पिसांपैकी आतल्या, शरीराकडच्या दोन-तीन पिसांवर. पक्षी झाडावर बसला असेल तर सर्वात सोपे: बूटेड ईगलच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, घारीचे पाय खाली उघडे आणि पिवळे.

फोटो काढणारे तुम्हीच असाल तर आभाळासमोर कॅमेऱ्याचे एक्सपोजर एक-दीड पायरी वर ठेवा. आभाळ पांढरे पडेल, पडू द्या. तुम्हाला पंखाखालचे तपशील हवे आहेत.

संकर: लांडगा की कुत्रा की दोन्ही

आता अवघड भाग. आष्टी-पाटोद्याच्या किंवा भूम-परंड्याच्या माळावर लांडगे अजून आहेत आणि धनगरांच्या वाड्यांवरची, गावांतली मोकाट कुत्रीही त्याच माळावर आहेत. लांडगा आणि कुत्रा यांच्या मीलनातून झालेली पिले पुढे स्वतःही प्रजननक्षम असतात. लांडगे थोडे, जोडीदार मिळणे कठीण आणि कुत्री भरपूर, अशी परिस्थिती आली की संकर घडतो. पुण्याजवळच्या माळरानांवर २०१४ पासून पिवळट, वेगळ्या अंगाच्या लांडग्यांबद्दल शंका घेतली जात होती. पुण्याची ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बंगळुरूच्या एट्री व एनसीबीएस या संस्थांच्या अभ्यासकांनी केसांमधल्या डीएनएचा अभ्यास केला आणि २०२३ साली लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा प्रसिद्ध झाला. म्हणजे शंका फोटोवरून आली आणि उत्तर डीएनएने दिले. तुमच्याही कामाचा क्रम हाच असायला हवा.

फोटोत काय पाहायचे? आपला लांडगा उंच पायांचा, अरुंद छातीचा, पोटाकडे खप्पड असतो. शेपटी खाली सरळ लोंबते आणि टोक गडद असते. चालताना ती पाठीवर वळत नाही. कपाळाकडून नाकाकडे येणारी रेषा सपाट उताराची असते, कुत्र्यात तिथे डोळ्यांसमोर ठळक खळगा पडतो. गालांवर आणि तोंडाच्या बाजूंना फिकट भाग असतो. डोळे पिवळसर. पाठीचे केस जवळून पाहिले तर एकाच रंगाचे नसतात, एकाच केसावर फिकट आणि गडद पट्टे असतात आणि टोक काळे, त्यामुळे पाठ मीठ-मिऱ्यासारखी दिसते.

शंका वाढवणाऱ्या खुणा अशा: अंगभर एकसारखा पिवळा किंवा तांबूस रंग, ज्यात पाठीवरची ती मिसळण दिसत नाही. छातीवर, पंजांवर किंवा शेपटीच्या टोकाला पांढरे डाग. टोकाशी मुडपलेले कान. वर वळलेली शेपटी. मागच्या पायाला आतल्या बाजूने उंचावर असलेले जास्तीचे नख, जे लांडग्यात सहसा नसते आणि काही कुत्र्यांत असते. पूर्ण काळा रंग हीसुद्धा अशीच एक खूण आहे. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा अभ्यास २००९ मध्ये झाला, तेव्हा त्यांच्यातला काळा रंग पूर्वी कधीतरी कुत्र्यांकडून आलेल्या जनुकामुळे आहे असे दिसून आले. म्हणून आपल्या माळावर काळा लांडगा दिसला तर "काळ्या रूपाचा लांडगा" असे लिहून मोकळे होऊ नका. तिथे दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवाव्या लागतात.

या खुणा कुठे फसवतात ते आता पाहा, कारण नवखे इथेच घसरतात. लांडग्याची लहान पिले काळपट तपकिरी जन्मतात आणि त्यांच्या छातीवर दुधाळ पांढरा डाग असतो. तो वाढीबरोबर जातो. पिलाचा फोटो पाहून "काळे, छातीवर पांढरे, म्हणजे कुत्र्याचा संकर" असे कोणी म्हणाले, तर ते निखालस चूक आहे. उन्हाळ्यात जाड केस गळून गेल्यावर मोठा लांडगाही बराच पिवळट आणि रोडका दिसतो. संध्याकाळच्या तांबड्या उन्हात तर कोणताही प्राणी पिवळा दिसेल. खेळताना किंवा घाबरल्यावर लांडग्याची शेपटी आणि कान क्षणभर वेगळेच दिसतात. म्हणून एका खुणेवर आणि एका फोटोवर शंका घेऊ नका. वेगवेगळ्या फोटोंत, वेगवेगळ्या उजेडात दोन-तीन खुणा एकाच प्राण्यात कायम दिसल्या, तरच शंका नोंदवा.

आणि उलट बाजू: सगळ्या खुणा लांडग्याच्या असल्या तरी संकर नाही असे फोटो सांगू शकत नाही. पहिल्या पिढीचे पिलू दोघांच्या मधले दिसते. ते पुन्हा लांडग्याशी जुळले, त्याचे पिलू पुन्हा लांडग्याशी, की दोन-तीन पिढ्यांत अंगावर कुत्र्याचा माग उरत नाही. डीएनएत मात्र तो असतो.

हे मी इतके सांगतोय त्यामागे कारण आहे. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. "तो लांडगा नाही, कुत्र्याचा संकर आहे" अशी अफवा माळावर पसरली की विष घालणाऱ्याला निमित्त मिळते. एका फोटोवर घाईने लावलेले नाव त्या प्राण्याच्या जिवावर जाऊ शकते.

नोंद कशी लिहावी

नोंदीत आधी दिसलेले लिहा, मग नाव. "पिवळट, पाठ एकरंगी, छातीवर पांढरा डाग, शेपटी सरळ, सकाळी, दोन लांडग्यांबरोबर" अशी ओळ पुढच्या अभ्यासकाला नुसत्या "संकर" या शब्दापेक्षा फार उपयोगी पडते. अल्बिनो सापाच्या बाबतीत जातीचे नाव ठाम लिहा आणि पुढे "अल्बिनो" जोडा, म्हणजे तो नागाच्या नोंदींत मोजला जाईल. बूटेड ईगलसाठी "गडद रूप" लिहा. संकराच्या बाबतीत मात्र "लांडगा, संकराची शंका" याच्या पुढे जाऊ नका.

ठिकाण तालुक्यापर्यंतच सांगा. पांढऱ्या सापाचा पत्ता बाहेर गेला की दुसऱ्या दिवशी तिथे पूजा मांडलेली असते, गर्दी होते, नाहीतर कोणी तो पकडून न्यायला येतो. लांडग्याच्या गुहेचा पत्ताही कुणाला देऊ नका. अचूक जागा, तारीख आणि मूळ फोटो वनविभागाच्या स्थानिक कार्यालयाला द्या. विष्ठा किंवा केस स्वतः गोळा करू नका, त्याला परवानगी लागते आणि हाताळल्यास नमुना खराबही होतो. तुम्ही फक्त ती जागा दाखवून द्या, आणि त्याच प्राण्याचे पुढचे फोटो वेगवेगळ्या ऋतूंत मिळत राहतील असे पाहा. मेंढपाळांना विचारा, त्यांना त्या कळपातला प्रत्येक लांडगा चालीवरून ओळखता येतो.